रिकाम्या एप्रनचा डोस

छातीवर लावलेला टीएलडी बॅज रेडिएशन अडवत नाही. नोकरीच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं तितकं दुसरं कुठलं नसेल. नवी सिस्टर रुजू होते, नवा रेसिडेंट येतो, त्यांच्या हातात बॅज ठेवला की ताईत मिळाल्यासारखा चेहरा निवळतो. मग मला सांगावं लागतं की हा फक्त हिशेब ठेवतो, आणि तोही तीन महिन्यांनी कळवतो. आज दुपारी तुम्ही चुकीच्या जागी उभे राहिलात तर हा आज काही बोलणार नाही.

मी एका धर्मादाय रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा डार्करूममध्ये फिल्म धुण्याचे दिवस होते. पुढे सीटी आली, मग कॅथलॅब आली, आणि त्याबरोबर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार विभागात एक रेडिएशन सुरक्षा अधिकारी नेमणं आलं. ती जबाबदारी माझ्याकडे आली. बॅज वाटणं, गोळा करून प्रयोगशाळेकडे पाठवणं, एप्रनला चिरा पडल्यात का ते पाहणं, यंत्रांच्या चाचण्यांचे कागद सांभाळणं, हे सगळं त्यात येतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते कारकुनी काम वाटतं. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. एका तिमाहीच्या अहवालातल्या एका आकड्यानंतर मात्र मी या कामाकडे निराळ्या नजरेनं पाहायला लागले. त्याबद्दलच लिहायचं आहे.

त्याआधी बॅजच्या पोटात काय असतं ते सांगते. प्लास्टिकच्या डबीत अॅल्युमिनियमची एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर तीन गोल चकत्या. चकत्यांमध्ये कॅल्शियम सल्फेट असतं, त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश मिसळलेला. रेडिएशन पडलं की त्याची थोडी ऊर्जा या पदार्थात अडकून राहते आणि महिनोन्महिने तशीच राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितका डोस जास्त. डबीत एका चकतीसमोर धातूचा पडदा असतो, दुसरीसमोर प्लास्टिकचा, आणि तिसरी उघडी असते. तिघींचे आकडे ताडून पाहिले की आलेलं रेडिएशन साधारण कोणत्या जातीचं आणि किती ताकदीचं होतं याचा अंदाज बांधता येतो. ते कुठून आलं, कधी आलं आणि बॅज त्या वेळी कोणाच्या अंगावर होता की नव्हता, हे मात्र चकतीला सांगता येत नाही. तीन महिन्यांची बेरीज तेवढी तिच्याकडे असते.

आमच्याकडे बॅज छातीच्या उंचीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा नियम आहे, कारण एप्रन घातलेल्या शरीराला प्रत्यक्ष किती मिळालं ते मोजायचं असतं. मर्यादा सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. सरासरी पाच वर्षांची, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. सर्वसामान्य माणसासाठी हीच मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आमच्या विभागात बहुतेकांचे तिमाही आकडे शून्याच्या आसपास, फार तर ०.१ किंवा ०.२ असे यायचे. मी ते रजिस्टरमध्ये उतरवायचे, सह्या घ्यायचे, आणि पाकीट कपाटात जायचं.

कोण कशाला घाबरतं, हे पाहत आलेय ते आधी सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. आयसीयूत पोर्टेबल मशीन घेऊन गेलं की पळापळ होते. आमच्या विभागातला मुलगा "एक्स-रे!" असं ओरडतो आणि सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी सगळे दाराबाहेर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ कोणीतरी थांबायला हवं असतं, पण बटण दाबण्याच्या क्षणी खोली रिकामी. आता हिशेब पाहा. छातीच्या पोर्टेबल एक्स-रेला पेशंटच्या त्वचेवर साधारण ०.२ मिलिग्रे डोस पडतो. त्यातलं जे पेशंटच्या शरीरावर आपटून चहूकडे विखुरतं, ते एक मीटरवर अंदाजे हजारावा भाग असतं. दोन मीटरवर त्याचाही चौथा हिस्सा, कारण अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. म्हणजे सहा-सात फुटांवर उभ्या असलेल्या सिस्टरला ०.०५ मायक्रोसिव्हर्ट. पृथ्वीवर राहणारा प्रत्येक माणूस माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे दहा-बारा मिनिटांत जेवढं घेतो, जवळपास तेवढंच. पोर्टेबलच्या बटणाची वायर दोन मीटर लांब ठेवलेली असते ती याचसाठी. वायर पूर्ण ताणून, किरणांच्या झोतापासून बाजूला होऊन उभं राहिलं की झालं. पेशंटला एकटं टाकून दाराबाहेर जायचं काही कारण नसतं.

हीच माणसं कॅथलॅबमध्ये निर्धास्त असतात. तिथे ओरडणारं कोणी नसतं. डॉक्टरांचा पाय पेडलवर असतो, पडद्यावर हृदय हलताना दिसत असतं, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. एक्स-रे चालू आहे हे कळायला दारावरचा लाल दिवा आणि यंत्राची बारीक किणकिण एवढंच. तिथे एका केसमध्ये मिनिटंच्या मिनिटं रेडिएशन चालू असतं, आणि माणसं टेबलापासून हातभर अंतरावर उभी असतात. एप्रन घातलाय ना, मग झालं, असा सगळ्यांचा समज. पोर्टेबलच्या वेळी बाहेर धावणारी सिस्टर कॅथलॅबमध्ये सीआर्मच्या शेजारी उभी राहून पेशंटच्या कपाळावरचा घाम पुसते. तिचा जीव पेशंटमध्ये असतो, म्हणून तिला रागवावंसंही वाटत नाही. पण भीती आणि धोका या दोघांच्या जागा उलट्या पडल्यात, हे मला तिथे रोज दिसायचं.

तर, एका तिमाहीच्या अहवालात कॅथलॅबच्या एका तरुण तंत्रज्ञाच्या नावापुढे ११.८ हा आकडा आला. एका तिमाहीत १० च्या वर गेलं की चौकशी होते. प्रयोगशाळेचं पत्र आलं, सोबत प्रश्नावली. त्या काळात तो कुठे काम करत होता, किती केसेस केल्या, बॅज कुठे ठेवायचा, बॅज कधी हरवला किंवा एक्स-रे खोलीत राहिला का, असे प्रश्न.

तो मुलगा पांढराफटक पडला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "मॅडम, मला मूल होईल ना नीट?" मी त्याला सांगितलं की ११.८ मिलिसिव्हर्ट खरोखर अंगाला मिळाले असले तरी ते वर्षाच्या मर्यादेच्या आत आहेत, त्यानं मूल होण्यावर परिणाम होत नाही, त्या गोष्टी याच्या कितीतरी पटींनी मोठ्या डोसला सुरू होतात. तरी त्यानं बाहेर जाऊन रक्ततपासणी करून घेतली आणि पांढऱ्या पेशी ठीक आल्या म्हणून थोडा शांत झाला. त्या तपासणीवरून काहीच ठरत नव्हतं. काही शे मिलिसिव्हर्टच्या खाली साध्या रक्ततपासणीत फरक दिसतच नाही. पण त्या दिवशी मी ते बोलले नाही. त्याला झोप लागणं जास्त गरजेचं होतं.

आता आकडा आला कुठून? मुलगा कामात चोख होता. सिने घेताना काचेमागच्या कंट्रोल रूममध्ये असायचा. त्याच्या जोडीदाराचा, तीच ड्युटी करणाऱ्याचा, आकडा ०.१ होता. मी त्याच्याबरोबर दोन दिवस नुसती उभी राहिले, तो काय करतो ते पाहत. दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. केस सुरू होताना तो आत पेशंट टेबलावर घ्यायचा, एप्रन घालून सगळं लावायचा, मग बाहेर कंट्रोलमध्ये येताना एप्रन काढून आतल्याच भिंतीवरच्या खुंटीला लटकवायचा. बॅज एप्रनच्या बाहेरच्या बाजूला, खिशाला अडकवलेला. केसभर तो बाहेर, आणि बॅज आत, टेबलाकडे तोंड करून.

उत्तर मिळालं होतं. पण मला ते आकड्यांत पटवून घ्यायचं होतं, कारण चौकशीच्या कागदावर 'बॅज आत राहिला' एवढं लिहून कोणाचंही समाधान होऊ नये. टेबलावर पेशंटऐवजी पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा डबा ठेवून मी सर्व्हे मीटरनं मोजलं. डॉक्टर उभे राहतात तिथे, म्हणजे डब्यापासून साधारण ६० सेंटीमीटरवर, छातीच्या उंचीला फ्लुरोस्कोपीत ताशी २ मिलिसिव्हर्ट. सिने म्हणजे जिथे चित्रं साठवायची असतात तिथे ते सुमारे दहापट, ताशी २०. आमच्या केसेस बहुतेक साध्या अँजिओग्राफीच्या. सरासरी ५ मिनिटं फ्लुरो आणि सगळ्या सिने मिळून ४० सेकंद. फ्लुरोचे ०.१७ आणि सिनेचे ०.२२, म्हणजे एका केसला त्या जागी, एप्रनच्या बाहेर, ०.३९ मिलिसिव्हर्ट. इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट ही की ४० सेकंदांच्या सिनेनं पाच मिनिटांच्या फ्लुरोपेक्षा जास्त दिलं. वेळ मोजताना नुसती मिनिटं मोजून चालत नाही.

खुंटी टेबलावरच्या डब्यापासून २ मीटरवर होती. ६० सेंटीमीटरवरून दोन मीटरवर गेलं की अंतर सव्वातीन पटींहून थोडं जास्त होतं, तीव्रता त्याच्या वर्गानं उतरते, म्हणजे अकराव्या हिश्श्यावर. एका केसला ०.०३५. त्या तिमाहीत सुमारे ३५० केसेस झाल्या होत्या. गुणाकार १२.२५ येतो. बॅजनं ११.८ सांगितलं होतं.

इतकं जुळलं म्हणून मी उलट साशंक झाले. विखुरलेले किरण एका बिंदूतून येत नाहीत, पेशंटच्या अख्ख्या छातीतून येतात, त्यामुळे वर्गाचा नियम जवळच्या अंतरावर तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय जाड पेशंटला यंत्र आपोआप जास्त किरण सोडतं, सीआर्म तिरका झाला की विखुरण्याची दिशा बदलते. असा हिशेब दुप्पट किंवा निम्मा चुकला असता तरी मला नवल वाटलं नसतं. म्हणून त्याच खुंटीला आठवडाभर डिजिटल पॉकेट डोसिमीटर टांगला. त्या आठवड्यात २६ केसेस झाल्या. हिशेबानं ०.९१ यायला हवं होतं, मीटरवर ०.८६ आलं. मग मात्र शंका उरली नाही. सगळे कागद जोडून पाठवले, आणि तो डोस माणसाला मिळालेला नाही, हे मान्य झालं. मुलाच्या घरी पेढे वाटले गेले.

सगळ्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच संपलं. माझ्या मनातून ती खुंटी जाईना.

बॅज माणसाच्या अंगावर नव्हता हे खरं. पण त्या जागी तीन महिन्यांत जवळजवळ १२ मिलिसिव्हर्ट पडले होते, हेही तितकंच खरं होतं. त्या रिकाम्या एप्रननं नकळत आम्हाला एका जागेचं मोजमाप करून दिलं होतं. त्या जागी उभं कोण राहतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

खुंटीच्या शेजारी कपाट होतं. कॅथेटर, वायर, बलून, स्टेंट सगळं त्यात. डॉक्टर साइज सांगतात, सिस्टर कपाटाशी जाते, लेबल वाचून पाकीट काढते, एक्स्पायरी बघते, फोडून देते. आमच्या कॅथलॅबच्या सिस्टर फार अनुभवी. डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांचा हात योग्य खणाकडे गेलेला असायचा. त्यांच्या अंगावर एप्रन असायचा, बॅजही एप्रनच्या आत, नियमाप्रमाणे छातीवर. त्यांचा तिमाहीचा आकडा ०.१५. कागदावर सगळं निर्दोष.

पण तो एप्रन पुढून झाकणारा, पाठीला नुसत्या पट्ट्या असलेला होता. आणि कपाटातलं पाकीट शोधताना सिस्टरांची पाठ टेबलाकडे असायची. मी घड्याळ घेऊन काही केसेसना बसले. फ्लुरो किंवा सिने चालू असताना त्यांचा जवळजवळ एकतृतीयांश वेळ पाठमोरा जात होता. खुंटीच्या जागेचा हिशेब लावला तर तिमाहीला त्यांच्या उघड्या पाठीवर ४ मिलिसिव्हर्ट, वर्षाला १६. आणि छातीवरच्या बॅजला यातलं काहीच कसं कळलं नाही? कारण किरणांना त्याच्यापर्यंत पोचायला पाठीकडून पूर्ण शरीर ओलांडावं लागत होतं. वीसेक सेंटीमीटर जाडीचं शरीर या ताकदीच्या किरणांतले शेकडा दोन-तीनच पुढे जाऊ देतं. बाकीचे सिस्टरांच्या फुफ्फुसांत, मणक्यांच्या मगजात शोषले जात होते. बॅजला सिस्टरांच्या शरीराचाच आडोसा मिळत होता.

मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा रिपोर्ट चांगला येतो तो माझ्या पाठीमुळे?"

"हो सिस्टर."

"मग पाठीला लावा ना एक."

तसंच केलं. पुढचा आठवडाभर त्यांनी पॉकेट डोसिमीटर पाठीवर, कमरेच्या थोडा वर बांधून काम केलं. ०.२६ आलं. माझा अंदाज ०.३ चा होता.

मग बदल करायला बसलो, आणि इथे मला कळलं की वेळ, अंतर, आडोसा ही जी त्रयी आम्ही प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो, ती प्रत्यक्षात तीन वेगळी कामं नसतात. कपाट दोन मीटरवरून तीन मीटरवर नेलं तर डोस निम्म्याहून थोडा खाली येतो, चार नवमांश हिस्सा राहतो. पण कपाट लांब गेलं की सिस्टरांच्या खेपा लांबतात, डॉक्टर थांबतात, आणि पेडलवर पाय राहिला तर वेळ वाढतो. अंतरानं मिळवलेलं वेळेत जातं. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावं लागलं. केस सुरू व्हायच्या आधी लागण्याची शक्यता असलेल्या गोष्टी ट्रेमध्ये काढून ठेवायच्या, आणि काही मागितलं की ते हातात येईपर्यंत पाय पेडलवरून उचलायचा. शेवटचं चित्र पडद्यावर तसंच थांबून राहतं, ते पाहत थांबायला नवा एक्स-रे लागत नाही. तरुण डॉक्टरांना हे लगेच पटलं. एका वरिष्ठांनी विचारलं, "माझ्या केसमध्ये एवढा फरक पडतो?" मी त्यांना त्यांच्याच केसचा यंत्रातला फ्लुरोटाइम आणि प्रत्यक्ष वायर हलवल्याचा वेळ शेजारी शेजारी दाखवला. पुढे काही बोलावं लागलं नाही.

फ्लुरोचा वेगही सेकंदाला १५ चित्रांवरून साडेसातवर आणून पाहिला. चित्र थोडं अडखळल्यासारखं दिसतं, पहिले काही दिवस कुरकुर झाली, पण साध्या अँजिओग्राफीला ते पुरतं. अवघड स्टेंटच्या वेळी डॉक्टर वाढवून घेतात, आणि घ्यायलाच हवं. पेशंटच्या हृदयात वायर असताना अंधुक चित्रावर काम करायला मी कोणालाही सांगणार नाही.

कपाटाचं तोंड फिरवलं, म्हणजे सिस्टर आता टेबलाकडे तोंड करून पाकीट काढतात. त्यांच्यासाठी पुढून-मागून झाकणारा, जाकीट आणि घागरा असा दोन भागांतला एप्रन घेतला. एकसंध एप्रनचं सगळं ओझं खांद्यांवर येतं, या प्रकारात निम्मं कमरेवर जातं, आणि ज्यांना सात-आठ तास घालायचा असतो त्यांच्यासाठी ही चैन नाही. कपाटापुढे चाकांवरचा शिशाच्या काचेचा पडदा आणला. आणि सिनेच्या आधी डॉक्टरांनी मोठ्यानं "सिने" म्हणायचं ठरलं, की सिस्टर पडद्यामागे एक पाऊल टाकतात. सिने पाच-सहा सेकंदांची असते. पण ती दहापट असते, म्हणून ते एक पाऊल बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाचवतं. पाठीवरचा डोसिमीटर पुन्हा एक आठवडा बांधला तेव्हा ०.०२ च्या पलीकडे गेला नाही.

या कामाला पैसे लागले, व्यवस्थापनाकडे अर्ज करावे लागले. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की सर्व कर्मचाऱ्यांचे टीएलडी अहवाल मर्यादेत असताना या खर्चाची आवश्यकता दिसत नाही. मला त्याचा राग आला, पण त्या उत्तराला कारण होतं. आमच्या हातात एकच कागद होता आणि तो कागद 'सगळं ठीक' म्हणत होता. दुसऱ्या अर्जाला मी खुंटीचा आणि पाठीचा असे दोन्ही हिशेब जोडले, तेव्हा मंजुरी आली.

त्यानंतर मी शून्यांकडे बघायला शिकले. मोठ्या आकड्याची चौकशी होते, शून्याची कोणी करत नाही. कॅथलॅबमध्ये दिवसभर टेबलाशी उभं राहणाऱ्या माणसाचा आकडा तिमाहीमागून तिमाही ०.०० येत असेल तर ते निश्चिंत होण्यासारखं नाही, कारण एप्रनमधूनही शंभरातले दोन-तीन तरी झिरपतात. ज्या वरिष्ठ डॉक्टरांचा उल्लेख वर केला त्यांचा आकडा वर्षानुवर्षं शून्य होता. बॅज त्यांच्या केबिनच्या खणात असायचा, पेनांच्या शेजारी. सांभाळून ठेवलेला, वेळेवर परत दिलेला.

सिस्टरांच्या प्रकरणानंतर ते आपण होऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मलाही दोन द्या. एक आत, एक बाहेर." बाहेरचा म्हणजे गळ्यापाशी, एप्रनच्या वर. डोळ्यांना किती मिळतं याचा अंदाज त्यावरून येतो, कारण एप्रन डोळे झाकत नाही. आतल्या बॅजचं पहिल्या तिमाहीत ०.३ आलं. गळ्यावरच्या बॅजचं ९. त्यांच्या वाट्याला त्या तिमाहीत नव्वदेक केसेस होत्या. छताला टांगलेला शिशाच्या काचेचा पडदा त्यांनी बहुतेक वेळा वापरला होता, पण सीआर्म तिरका करताना तो अडतो म्हणून बाजूला सारला जायचा आणि मग तसाच राहायचा. डोळ्यांपर्यंत गळ्यावरच्या आकड्यातला पाऊण हिस्सा पोचतो असं धरलं तरी वर्षाला २७ होतात. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगानं २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठी कामाच्या ठिकाणची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणायला सांगितलं, कारण पूर्वी समजत होते त्याहून कमी डोसला मोतीबिंदू धरतो असं दिसून आलं होतं. म्हणजे ज्या माणसाचा रेकॉर्ड शून्य होता, त्याचे डोळे मर्यादेच्या पुढे होते.

त्यांनी पडदा पेशंटच्या छातीला टेकेल इतका खाली, स्वतःच्या आणि विखुरण्याच्या उगमाच्या मध्ये आणायची सवय लावली. पडदा डॉक्टरांच्या चेहऱ्याजवळ ओढण्यापेक्षा पेशंटजवळ ठेवला तर त्याच काचेची सावली मोठी पडते, हे त्यांना डोसिमीटर हातात धरून दाखवावं लागलं. शिशाचा चष्माही घेतला, बाजूनं झाकणारा, कारण ते पडद्याकडे पाहत असतात आणि किरण खालून, डावीकडून येतात. पुढच्या तिमाहीत गळ्यावरचा आकडा २.५ आला.

मग त्यांनी विचारलं, "आणि आधीची वर्षं?" त्यांना सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खणातल्या बॅजकडे खणाची नोंद होती. आम्ही नेत्रविभागात वेळ घेतली. स्लिट-लॅम्पवर त्यांच्या डाव्या डोळ्याच्या भिंगात, मागच्या आवरणाला लागून, बारीक धुरकटपणा दिसला. रेडिएशनचा मोतीबिंदू बहुधा तिथेच सुरू होतो, आणि टेबलाशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांचा डावा डोळा उगमाच्या जास्त जवळ असतो. पण त्यांना मधुमेहही आहे, आणि मधुमेहातही तिथे धुरकटपणा येतो. नेत्रतज्ज्ञांनी कारण लिहायची जागा मोकळी ठेवली. तेव्हापासून कॅथलॅबमधल्या प्रत्येकाची स्लिट-लॅम्प तपासणी दर जानेवारीत होते. एप्रन टेबलावर पसरून चिरा शोधायचं काम आम्ही त्याच आठवड्यात करतो, आणि दोन्ही नोंदी एकाच रजिस्टरमध्ये, टीएलडीच्या आकड्यांच्या शेजारी लिहितो.